तरलेल्यांसाठी प्रार्थना

(बेंगळुरूतील मराठी मंडळाच्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला विचारलेल्या एका प्रश्नापासून सुरुवात करतो. आम्ही दोघं एका 2 नोव्हेंबरला होसूर रोडवरून चाललो होतो. तिथल्या कॅथलिक दफनभूमीच्या फाटकापाशी फुलवाल्यांची आणि मेणबत्त्या विकणाऱ्यांची गर्दी होती. आत लोक कबरी धूत होते, शेवंतीच्या माळा घालत होते. एक बाई हातातल्या जपमाळेचे मणी ओढत उभ्या होत्या. सर थांबले आणि म्हणाले, ‘‘तुमच्यात पुनर्जन्म नाही, पिंडदान नाही. माणूस गेला की देव त्याचा न्याय करतो आणि तो निकाल कायमचा, असं तुम्ही मानता. मग ही बाई आता देवाकडे काय मागते आहे? निकाल लागल्यावर वकिली कसली?’’

त्या वेळी मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. मी वसईचा. आजीच्या मांडीवर बसून मृतांसाठी प्रार्थना म्हणायला शिकलो, पण ती का म्हणायची हे मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी विचारलं, म्हणून मी वाचू लागलो. त्यांना जे उत्तर नीट द्यायचं राहून गेलं, ते आज देतो.

उत्तर थोडक्यातही देता येईल. ती बाई निकाल फिरवायला सांगत नव्हती. निकाल आपल्या माणसाच्या बाजूने लागलेला आहे अशी तिची आशा होती, आणि ती त्याच्या पुढच्या वाटेला सोबत करत होती. आता हे सोडवून सांगतो.

कॅथलिक श्रद्धेनुसार मरणानंतरचे अंतिम मुक्काम दोनच: स्वर्ग, म्हणजे देवाच्या सहवासात असणं, आणि नरक, म्हणजे त्याच्यापासून स्वतःच्या निवडीने कायमचं तुटणं. पर्गेटरी हा तिसरा मुक्काम नाही. मराठीत आपण त्याला शुद्धीस्थान म्हणतो, आणि त्या शब्दातल्या ‘स्थाना’मुळे घोटाळा होतो. लोकांच्या डोळ्यांपुढे स्वर्ग वर, नरक खाली आणि मधल्या मजल्यावर पर्गेटरी असं चित्र उभं राहतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑगस्ट 1999 मध्ये रोममधल्या एका बुधवारच्या प्रवचनात मुद्दाम सांगितलं की पर्गेटरी ही जागा नसून अवस्था आहे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातली व्याख्याही तशीच आहे. जे देवाच्या कृपेत आणि मैत्रीत मरण पावतात, पण पुरते शुद्ध झालेले नसतात, त्यांचं तारण पक्कं असतं. फक्त स्वर्गाच्या आनंदात शिरण्याआधी त्यांची शुद्धी व्हावी लागते. त्या शुद्धीला पर्गेटरी म्हणतात.

म्हणजे पर्गेटरीत असलेला प्रत्येक जण तरलेला आहे. तिथून नरकाकडे जाणारी वाट नाही. ती दुसरी संधीही नव्हे. देवाला नकार देऊन मेलेल्या माणसाला तिथे पुन्हा परीक्षेला बसवत नाहीत. पर्गेटरी म्हणजे थोड्या मुदतीचा नरक, अशी समजूत आमच्यातल्याही कित्येकांची असते. ती शिकवणीच्या उलट आहे. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो तो वाचलेला आहे, एवढं पक्कं धरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता तुम्ही विचाराल, देवाने क्षमा केली असेल तर मग शुद्धी कशाची?

इथे आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेतो. समजा, गावाकडे दोन भाऊ आहेत. थोरल्याने तलाठ्याकडे हातचलाखी करून सातबाऱ्यावरून धाकट्याचं नाव उडवलं. वीस वर्षं सगळी जमीन त्यानेच कसली. पुढे त्याला खरोखर पश्चात्ताप झाला. तो धर्मगुरूंकडे जाऊन पापनिवेदन करतो आणि त्याला क्षमा मिळते. कॅथलिक शिकवणीनुसार ही क्षमा पूर्ण असते. देवाशी तुटलेलं नातं जुळतं, आणि पापामुळे ओढवलेली कायमच्या ताटातुटीची शिक्षा टळते.

पण दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे झालेलं नुकसान. धर्मगुरू त्याला सांगतील की जमीन परत कर, भावाचं नाव पुन्हा लाव. ती भरपाई टाळून केलेला पश्चात्ताप खरा धरला जात नाही. दुसरी गोष्ट त्याच्या आत असते. वीस वर्षं त्या जमिनीवर जडलेला जीव एका दिवसात सुटत नाही. कागदावर सही करताना त्याचा हात जड होतो. भावाच्या शेतात चांगलं पीक दिसलं की पोटात दुखतं. क्षमा मिळालेली आहे, पण मन अजून वाकडंच आहे. ते सरळ होताना दुखणारच. या उरलेल्या कामाला धर्मशास्त्रात पापाची ‘तात्पुरती शिक्षा’ म्हणतात. देव सूड म्हणून ती बाहेरून लादतो असं समजू नका, पापाच्या स्वभावातूनच ती निघते, असं धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट सांगतो.

थोरल्याने हे काम जिवंतपणी पुरं केलं, म्हणजे जमीन आनंदाने परत केली, भावाच्या मुलांवर माया केली, आजारपण सोसलं, दानधर्म केला, तर पर्गेटरीचं प्रयोजन उरत नाही. आणि पश्चात्ताप झाला पण मन पुरतं सरळ होण्याआधीच तो गेला तर? तो देवाचा मित्र म्हणून गेला, त्यामुळे त्याची जागा नरकात नाही. पण भावाचं भलं बघून ज्याच्या पोटात अजून दुखतं, त्याला स्वर्गात तरी सुख कसं वाटेल? तिथे तर सगळेच भाऊ. त्याचं ते दुखणं जायला हवं. पर्गेटरीची सगळी कल्पना या एका गरजेवर उभी आहे.

मग आगीचं काय? आमच्या जुन्या चित्रांत ज्वाळांमध्ये उभी माणसं आणि त्यांना वर ओढणारे देवदूत दिसतात. आगीची प्रतिमा बायबलमधली आहे. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बांधकामाचं उदाहरण देतो. पाया ख्रिस्ताचा, पण त्यावर कुणी सोन्याचांदीने बांधतो, कुणी लाकडाने, गवताने, पेंढ्याने. त्या दिवशी आग प्रत्येकाच्या कामाची पारख करील. ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल. तो स्वतः मात्र वाचेल, पण आगीतून निघाल्यासारखा. पेंढा जळतो, माणूस वाचतो. आपल्या थोरल्या भावाची गोष्ट नेमकी हीच आहे.

ही आग खरोखरची आहे की प्रतिमा, यावर चर्चने निर्णय दिलेला नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 च्या, आशेवरच्या आपल्या परिपत्रकात आजच्या काही धर्मशास्त्रज्ञांचं मत मांडलं आहे: जाळणारी आणि वाचवणारी आग म्हणजे खुद्द ख्रिस्त. त्याच्याशी समोरासमोर गाठ पडते, त्या नजरेपुढे आपलं खोटं टिकत नाही, आणि त्या वेदनेतच आपण बरे होतो. ही भेट आपल्या घड्याळाने मोजता येणार नाही, असंही त्यांनी लिहिलं. त्यामुळे ‘माझे वडील तिथे किती वर्षं असतील?’ या प्रश्नाला कॅथलिक शिकवणीत उत्तर नाही.

या वेदनेची दुसरी बाजू सांगते ती इटलीतल्या जेनोवाची, 1510 साली वारलेली संत कॅथरिन. ती तिथल्या मोठ्या इस्पितळात रुग्णांची सेवा करत असे. पर्गेटरीवरची तिची शिकवण एका छोट्या ग्रंथात जपली आहे. स्वर्गातल्या आनंदाखालोखाल आनंद कुठे असेल तर तो पर्गेटरीतल्या जिवांचा, असं ती सांगते. देव जवळ आहे हे त्यांना कळलेलं असतं. दुःख असतं ते फक्त आपल्यातलंच काहीतरी मध्ये आडवं येतं याचं. जसजसा गंज उतरतो तसतसा आनंद वाढतो. भीती घालणारी प्रवचनं ऐकत वाढलेल्या मला हे वाचून मोठा धक्का बसला होता.

आता सरांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. गेलेल्यासाठी प्रार्थना करायची ही रीत आली कुठून?

कॅथलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात यहूदा मक्काबी हा ज्यू सेनापती ग्रीक राजवटीशी लढत होता. एका लढाईनंतर तो आपल्या पडलेल्या सैनिकांची प्रेतं उचलायला गेला. त्यांच्या अंगरख्यांखाली यामनिया गावच्या मूर्तींचे ताईत सापडले. ज्यूंच्या नियमशास्त्रात हे निषिद्ध. देवाच्या बाजूने लढता लढता मेलेल्या या माणसांनी लपून दुसऱ्या दैवताचाही आधार धरला होता.

यहूदाने त्यांना गद्दार ठरवून टाकून दिलं नाही. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली की हे पाप पुसलं जावं. मग त्याने माणशी वर्गणी गोळा केली, चांदीची सुमारे 2,000 द्राख्मा नाणी जमली, आणि पापार्पणासाठी ती यरुशलेमच्या मंदिरात पाठवली. पुस्तकाचा लेखक त्यावर आपला अभिप्राय देतो: मेलेले उठणार नाहीत असं यहूदाला वाटलं असतं तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणं वेडेपणाचं ठरलं असतं. ते सैनिक भक्त होते आणि चुकलेलेही होते. दोन्ही एकाच वेळी खरं. ताईत बांधलेला भक्त असा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पर्गेटरी आहे ती अशांसाठीच.

प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हे पुस्तक शास्त्र म्हणून धरलेलं नाही. बहुतेक प्रोटेस्टंट पंथ मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण अधिक खोल आहे. ख्रिस्ताने क्रुसावर सगळं पुरं केलं, मग आणखी शुद्धी कशाला, असं ते विचारतात. कॅथलिक उत्तर असं की ही शुद्धी ख्रिस्ताच्या कामात घातलेली भर नव्हे, त्याचंच काम माणसाच्या आतपर्यंत पोचणं आहे. होसूर रोडवर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दफनभूमी जवळजवळ आहेत. पुढच्या 2 नोव्हेंबरला तिकडून गेलात तर जुना वाद काय आहे हे आता तुमच्या लक्षात येईल. दोन्हीकडे फुलं असतात, दोन्हीकडे आठवण असते. मृतासाठी देवाकडे काही मागायचं की नाही, एवढाच वाद आहे.

ख्रिस्ती परंपरेतली मला सर्वांत जवळची वाटणारी साक्ष एका आईची आहे. संत ऑगस्टिनची आई मोनिका इसवी सन 387 मध्ये, आफ्रिकेतल्या आपल्या घरी परतताना, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आजारी पडली. नवऱ्याशेजारी आपल्यालाही पुरावं म्हणून तिने मायदेशी जागा राखून ठेवली होती. पण मरताना तिने मुलांना सांगितलं की देह कुठेही पुरा, त्याची चिंता नको. जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. ऑगस्टिनने हे आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात लिहून ठेवलं आहे, आणि शेवटी आपल्या या आईसाठी आणि वडिलांसाठी वाचकांनीही प्रार्थना करावी असं सांगितलं आहे. परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मोनिकाचं ते बोलणं चटकन कळतं. वसईची कबर लांब असते, वेदी मात्र बेंगळुरूतही असते.

‘वेदीपाशी आठवण’ म्हणजे मिस्सा. मृतांसाठीच्या सगळ्या प्रार्थनांत कॅथलिक चर्च मिस्सेला पहिलं स्थान देतं. मिस्सेत ख्रिस्ताचं क्रुसावरचं अर्पण पुन्हा आपल्यासमोर उभं राहतं, अशी श्रद्धा आहे, आणि त्या अर्पणात मृताचं नाव जोडलं जातं. जपमाळ, दानधर्म आणि उपास हे त्यानंतर येतात. घरातलं माणूस गेलं की अंत्यविधीची मिस्सा होते. मग आमच्याकडे आणि गोव्याकडे सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा करतात. 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी आपल्या मठांना तो पाळायला लावला आणि तिथून तो सर्वत्र पसरला. या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, ऑगस्ट 1915 मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ही परवानगी सगळ्या चर्चला दिली. रणांगणावर असंख्य तरुण पडत होते.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. चर्चच्या ऑफिसात जाऊन अमुक दिवशीची मिस्सा आमच्या वडिलांसाठी करा असं सांगितलं की लोक काही देणगी देतात. ही मिस्सेची किंमत नव्हे. धर्मगुरूच्या निर्वाहाला हातभार लावण्याची जुनी रीत आहे. चर्चचा कायदा याबाबत कडक आहे. व्यापाराचा भाससुद्धा होता कामा नये, असं कलम 947 सांगतं. दिवसाला कितीही मिस्सा केल्या तरी, नाताळचा दिवस सोडला तर, धर्मगुरूने एकाच मिस्सेची देणगी स्वतःकडे ठेवायची असते. गरिबाने काही दिलं नाही तरी त्याच्यासाठी मिस्सा करावी, अशी आग्रहाची शिफारस आहे. 2 नोव्हेंबरच्या तीन मिस्सांपैकी एकच कुणाच्या सांगण्यावरून करता येते. दुसरी सर्व मृतांसाठी आणि तिसरी पोपच्या हेतूंसाठी करायची. त्या दोहोंची देणगी घेता येत नाही.

तरी एक जण विचारतोच: श्रीमंताच्या शंभर मिस्सा आणि गरिबाची एकही नाही, मग श्रीमंत आधी सुटणार का? नाही. प्रत्येक मिस्सेत, मग ती कुणाच्याही नावाची असो, सर्व मृतांची आठवण होते. ज्याला मागे कुणी नाही तोही त्यात येतो. आणि प्रार्थना देवाला बांधून घालत नाही. आपण मागतो, देतो तो.

हीच गोष्ट इंडल्जन्सची, म्हणजे क्षमेनंतर उरलेल्या त्या तात्पुरत्या शिक्षेतून मिळणाऱ्या दंडमुक्तीची. या शब्दाने युरोप दुभंगला. सोळाव्या शतकात जर्मनीत योहान टेट्झेल या धर्मोपदेशकाने इंडल्जन्स अशा थाटात खपवले की पेटीत नाणं पडलं आणि जीव सुटला. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर याने त्याविरुद्ध 95 मुद्दे मांडले. टेट्झेलचा तो थाट कॅथलिक शिकवणीच्या मोजपट्टीनेही चुकीचाच होता. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने पर्गेटरीवर जो ठराव केला तो जेमतेम पानभराचा आहे. त्यात शिकवण म्हणून दोनच गोष्टी आहेत: पर्गेटरी आहे, आणि तिथल्या जिवांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्सेचा, उपयोग होतो. बाकी ठराव बिशपांना दिलेली ताकीद आहे. सामान्य लोकांपुढे अवघड, कीस काढणारी चर्चा करू नका. अनिश्चित गोष्टी पसरू देऊ नका. कुतूहल, अंधश्रद्धा किंवा लाजिरवाणा नफा यांच्या वाटेला जाणारं सगळं बंद करा. म्हणजे चर्चने ठरवून सांगितलेलं दोन ओळींत मावतं. ज्वाळांची लांबीरुंदी आपल्या कल्पनेने भरली.

आज इंडल्जन्सचे नियम पोप सहावे पॉल यांच्या 1967 च्या सुधारणेवर चालतात. 1 ते 8 नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन, निदान मनातल्या मनात, मृतांसाठी प्रार्थना केली तर दिवसाला एक पूर्ण दंडमुक्ती मृतासाठी मिळू शकते. ती फक्त मृतांच्याच नावे करता येते. त्यासोबत पापनिवेदन हवं, ख्रिस्तशरीराचा स्वीकार हवा, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी. आणि एक अट अशी की ती ऐकून माणूस गप्प होतो: कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ मनात उरता कामा नये. ती उरली तर दंडमुक्ती अपुरी राहते. पैसा या यादीत कुठेच नाही. 2020 मध्ये महामारीमुळे गर्दी टाळायची म्हणून रोमने आठ दिवसांची ही मुदत पूर्ण नोव्हेंबरभर पसरवली होती.

जिवंत माणसाच्या बाबतीत चर्च आपल्या अधिकाराने दंडमुक्ती देतं. मृतावर मात्र त्याचा अधिकार चालत नाही. तिथे ते फक्त देवाला विनवतं. त्यामुळे ‘अमुक प्रार्थना अमुक वेळा म्हणा, इतके जीव नक्की सुटतील’ असा कागद किंवा मोबाइलवरचा संदेश तुमच्या हाती आला तर तो कॅथलिक शिकवण नव्हे हे ओळखायला ‘नक्की’ हा एकच शब्द पुरे. जुन्या प्रार्थनापुस्तकांत ‘300 दिवसांची दंडमुक्ती’ असं छापलेलं असे, त्याचाही अर्थ पर्गेटरीतले 300 दिवस कमी असा नव्हता. आरंभीच्या चर्चमध्ये पाप्याला जाहीर प्रायश्चित्त दिवसांच्या हिशोबाने घ्यावं लागे, ते माप होतं. लोकांनी त्याचा तुरुंगाच्या मुदतीसारखा अर्थ लावला, म्हणून 1967 मध्ये दिवस मोजणंच बंद केलं. ‘तुमच्या वडिलांचा जीव अजून अडकला आहे, मला दिसतं’ असं सांगणाऱ्यांचंही तेच. मृतांना बोलावणं, त्यांच्याकडून निरोप घेणं चर्चने साफ निषिद्ध ठरवलं आहे. कोण पर्गेटरीत आहे हे चर्च कुणाही माणसाबद्दल सांगत नाही. अमुक जण नरकात आहे असंही ते आजवर कुणाचं नाव घेऊन म्हणालेलं नाही.

हे सगळं ऐकताना तुमच्यातल्या अनेकांच्या मनात श्राद्धपक्ष आला असेल. सरांच्याही आला होता. साम्य आहेच. गेलेला माणूस घरातून पुरता जात नाही, त्याचं देणं आपल्याकडे असतं, ही जाण दोन्हीकडे आहे. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाआधी गोरगरिबांना जेवण घालतात, ते घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीने. ते पाहून पितरांचं पान कुणाला आठवणार नाही?

पण फरक झाकून चालणार नाही. पर्गेटरीतला जीव उपाशी नसतो, तहानलेला नसतो, भटकत नसतो, रागावून घरच्यांना त्रास देत नसतो. त्याची पुढची गती मुलाने विधी केला की नाही यावर अवलंबून नसते. प्रार्थनेचा अधिकार थोरल्या मुलाकडे नाही. लेक, सून, शेजारीण, अनोळखी माणूस, कुणीही ती करू शकतं. ज्याला चर्चने संत म्हणून जाहीर केलं त्याच्यासाठी आपण प्रार्थना करत नाही, उलट त्याला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. आणि बाप्तिस्मा झालेलं तान्हं मूल गेलं तर त्याच्या अंत्यविधीत शुद्धी मागत नाहीत. त्याला सरळ करण्यासारखं काही वाकडं झालेलंच नसतं. तिथे प्रार्थना असते ती आईबापांसाठी.

सर, तुम्ही निकालानंतरच्या वकिलीबद्दल विचारलं होतं. वकील शब्द चुकला होता, एवढंच मला आज म्हणायचं आहे. आपल्यातलं कुणी इस्पितळात असतं, जिवावरचा धोका टळलेला असतो, हाड जुळत असतं आणि दुखत असतं. तेव्हा आपण उशाशी बसतो. आपल्या बसण्याने हाड जुळत नाही, ते काम डॉक्टरांचं. तरी बसणं फुकट गेलं असं रुग्णही म्हणत नाही आणि आपणही नाही. कॅथलिक शिकवण याच्या एक पाऊल पुढे जाते. ती म्हणते की इथे डॉक्टर त्या उशाशी बसण्यालाही औषधात धरतो.

नोव्हेंबर लागला की आमच्या चर्चमध्ये एक पेटी ठेवतात. लोक आपापल्या मृतांची नावं कागदावर लिहून तिच्यात टाकतात, आणि महिनाभर मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. धर्मगुरू जिवंत किंवा मृत अशा कुणासाठीही मिस्सा करू शकतो, असं चर्चच्या कायद्याचं कलम 901 सांगतं. ज्याच्यासाठी मिस्सा करायची तो अमुक धर्माचा असावा अशी अट त्यात नाही. सर गेले त्या वर्षी मी त्यांच्या मुलीला फोन करून विचारलं की त्यांचं नाव लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, ‘‘बाबांचं पान आम्ही वाढलंच आहे. तुम्ही तुमच्याकडे नाव लिहा.’’

तेव्हापासून दर नोव्हेंबरात माझ्या कागदावर आजीच्या नावाखाली सरांचं नाव असतं.